पेशीचं वय

ओळखीतल्या एका मावशींकडचे दोन कागद एकमेकांशी जुळेनात, म्हणून मी त्यांच्यासोबत राजारामपुरीतल्या एका छोट्या लॅबमध्ये गेले. पहिला कागद एचबीएवनसीचा होता. त्यावर ७.२ आणि त्याखाली तीन महिन्यांची सरासरी साखर १६० असं छापलेलं. दुसरी होती घरच्या ग्लुकोमीटरची वही. उपाशीपोटी ११०च्या आसपास, जेवणानंतर दोन तासांनी १५०च्या आत. वहीत एकही आकडा १६०ला टेकला नव्हता. तरीही ७.२ पाहून मधुमेहाची गोळी वाढवली गेली, आणि तेव्हापासून संध्याकाळी मावशींना घाम फुटू लागला, हात थरथरू लागले. अशाच एका संध्याकाळची नोंद होती ६४.

लॅबमधल्या टेक्निशियन ताईंनी वही शांतपणे वाचली. "यंत्र खोटं बोलत न्हाई, मावशी. पेशीचं वय बघाय पायजे," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "एकशे वीस दिवस. हा आकडा तेवढा ध्यानात ठेवा."

तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तेवढा काळ ती रक्तातल्या साखरेत वावरते, आणि तिच्यातल्या हिमोग्लोबिनला साखर हळूहळू चिकटत जाते. किती टक्के हिमोग्लोबिनला साखर चिकटली, एवढंच एचबीएवनसी मोजतं. पण त्यावरून सरासरी साखर काढताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पेशी नेहमीइतक्याच जगतात. लोह कमी असलेल्या शरीरात नव्या पेशी कमी बनतात, म्हणून रक्तात जुन्या पेशींचा भरणा वाढतो. जुन्या पेशीवर साखर अधिक दिवस चिकटलेली असते. साखर तेवढीच असूनही आकडा फुगतो. उलट रक्तस्राव झाला किंवा पेशी लवकर फुटू लागल्या, तर पेशी कोवळ्या राहतात आणि वाढलेली साखरही आकड्यात दिसत नाही.

मावशींचं रक्त दोन नळ्यांत घेतलं. जांभळ्या टोपणाच्या नळीतून रक्तगणना झाली. हिमोग्लोबिन ८.४, पेशीचं सरासरी आकारमान ६८, पेशींची संख्या ४० लाख, म्हणजे ४ दशलक्ष. ताईंनी ६८ला ४ने भागलं. उत्तर आलं १७. हा भागाकार १३च्या वर गेला तर लोहाची कमतरता संभवते, खाली आला तर थॅलेसेमिया मायनरची शंका घ्यायची. हा फक्त अंदाज असतो. मावशींचं फेरिटिन ६ आलं, तेव्हा लोहाचं नक्की झालं.

मायनरचं कोडं वेगळं. गांधीनगरच्या सिंधी व्यापारी कुटुंबांकडून येणाऱ्या नमुन्यांत ताई हा भागाकार आवर्जून करतात, कारण सिंधी समाजात मायनरचं प्रमाण जास्त आहे. तिथं पेशी लहान असतात, पण संख्येनं भरपूर. माणूस धडधाकट असतो, त्यामुळं कुणाला शंकाही येत नाही. एचबीएवनसी कधी खाली जातं, कधी वर, आणि काही यंत्रांत वाढलेलं हिमोग्लोबिन एफ मोजणीत गोंधळ घालतं. चूक कुठल्या बाजूला झाली हेच ठाऊक नसल्यानं अमुक इतकं वजा करा, असं सांगता येत नाही.

दुसऱ्या नळीतलं रक्त गोठू देऊन वरचा पिवळसर द्रव काढला. फ्रुक्टोसामाइन त्यातून मोजतात. तिथं तांबड्या पेशींचा संबंधच नाही. साखर चिकटलेली असते ती रक्तद्रवातल्या प्रथिनांना, मुख्यतः अल्ब्युमिनला. त्या प्रथिनांचं आयुष्य लहान, म्हणून हिशेब मिळतो मागच्या दोन-तीन आठवड्यांचा. नमुन्यात फिकट पिवळं रसायन मिसळलं की साखर लागलेली प्रथिनं त्याचा रंग जांभळा करतात. जितकी साखर, तितका गडद रंग. तो रंग चढताना पाहण्यासाठी मी यंत्रापाशीच थांबले होते.

मावशींचा आकडा आला २७२. निरोगी माणसात तो साधारण २०० ते २८५ असतो. ताईंनी कागदावर मांडलं: २७२ गुणिले ०.०१७, अधिक १.६१. उत्तर ६.२. ७.२ नव्हे. वहीचं म्हणणं खरं होतं.

मग एचबीएवनसी सोडूनच का देत नाहीत, असं मी तिथल्या पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांना विचारलं. डोळे आणि किडनी यांना कितीवर धोका वाढतो, हे मोठ्या अभ्यासांतून एचबीएवनसीच्या आकड्यांवरच समजलं आहे. फ्रुक्टोसामाइनला तेवढा भक्कम आधार नाही, आणि त्याचं एचबीएवनसीत केलेलं रूपांतरही ढोबळच. शिवाय लघवीतून प्रथिनं जात असतील किंवा यकृत बिघडून अल्ब्युमिन घसरलं असेल, तर हाही आकडा खोटा कमी येतो. म्हणून मावशींचं अल्ब्युमिनही तपासलं. ते ४.१, म्हणजे व्यवस्थित होतं.

माझं मत मात्र तिथंच पक्कं झालं. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळलं. अशा देशात रक्तगणना न पाहता केवळ एचबीएवनसीवरून बाईची गोळी वाढवणं मला धोक्याचं वाटतं.

मावशींच्या डॉक्टरांनी गोळी पूर्ववत केली आणि लोह सुरू केलं. निघताना ताईंनी बजावलं, "आता नव्या पेशी धडाधड येतील. एचबीएवनसी आपोआप उतरंल, ते बघून साखर सुधारली म्हणू नगा. हिमोग्लोबिन स्थिर झालं की तिथनं पुढं एकशे वीस दिवस मोजा. तवर वही लिवा, आन् तीन आठवड्यांनी फ्रुक्टोसामाइनला या."