एकाच हप्त्याचे चार एसएमएस

एक पतसंस्था आहे असं समजू. कर्जाचा हप्ता भरण्याची आठवण देणारे एसएमएस तिथला संगणक आपोआप पाठवतो. लिनक्सवरच्या क्रॉनला सांगून ठेवलंय की दर पाच मिनिटांनी हा प्रोग्राम चालव. प्रोग्राम सुरू झाला की न पाठवलेल्या संदेशांची यादी उचलतो, एकेक पाठवतो आणि पाठवलेल्यापुढे खूण करतो. एरवी यादीत वीस-पंचवीस नावं असतात आणि काम काही सेकंदांत उरकतं. महिन्याच्या एक तारखेला मात्र यादी तीन हजारांची होते. एका संदेशाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे सगळ्यांना मिळून दहा मिनिटं.

पहिली फेरी दहा वाजता निघते. दहा वाजून पाच मिनिटांनी तिचे दीड हजार संदेश गेलेले असतात, आणि तेवढ्यात क्रॉन दुसरी फेरी सोडतो. आधीची फेरी संपली का, हे तो विचारतच नाही. ठरलेल्या मिनिटाला ठरलेली आज्ञा चालवायची, एवढंच त्याचं काम. दुसरी फेरी उरलेल्या दीड हजारांची यादी उचलते. पहिलीच्या हातातही नेमकी तीच नावं असतात. आता प्रत्येक कर्जदाराला दोन-दोन संदेश जाऊ लागतात. संदेश वाहून नेणारी सेवा दोघींत विभागली गेल्यामुळे वेग निम्मा होतो. परिणामी सव्वादहाला पाच मिनिटं कमी असताना साडेसातशे नावं शिल्लक असतात आणि तिसरी फेरी दाखल होते. सव्वादहाला उरतात अडीचशे, आणि येते चौथी. यादीच्या तळाशी असलेल्या त्या अडीचशे लोकांना एकाच हप्त्याची आठवण चार वेळा होते. संदेशाऐवजी खात्यातून हप्ता वळता करण्याचं काम असतं तर? त्याची कल्पना न केलेलीच बरी.

यावरचा जुना उपाय म्हणजे लॉक फाइल. काम सुरू करताना ठरलेल्या नावाची एक फाइल तयार करायची आणि संपल्यावर पुसायची. फाइल आधीच असेल तर कुणीतरी कामावर आहे असं समजून निमूट परत जायचं. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल तो हाच. रुमालात स्वतःची ताकद काही नसते. बाकीचे प्रवासी त्याला मान देतात म्हणून जागा राहते. लॉक फाइलचंही तसंच आहे. जो प्रोग्राम ती बघतच नाही, त्याला ती अडवत नाही.

पहिल्या प्रयत्नात बहुतेक जण असं काहीतरी लिहितात:

```
if [ -e /run/lock/sms.lock ]; then exit; fi
touch /run/lock/sms.lock
```

फाइल आहे का ते बघा, नसेल तर बनवा. दिसायला निर्दोष, पण बघणं आणि बनवणं या दोन वेगळ्या कृती आहेत. दोन फेऱ्या एकाच क्षणी आल्या तर दोघींनाही फाइल नाही असंच दिसतं आणि दोघीही पुढे जातात. पाच मिनिटांच्या अंतराने निघणाऱ्या फेऱ्यांत असं क्वचित घडेल. पण क्रॉनची वेळ झालेली असतानाच कुणी तोच प्रोग्राम हाताने चालवला, तर घडू शकतं. म्हणून बघणं आणि बनवणं एकाच अविभाज्य कृतीत व्हायला हवं. जुन्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी `mkdir` वापरतात. डिरेक्टरी आधीच असेल तर ही आज्ञा फसते, आणि एकाच वेळी आलेल्या दोघांपैकी एकालाच यश मिळतं.

खरा छळ पुढे आहे. काम चालू असताना प्रोग्राम मध्येच कोसळला, तर फाइल पुसणार कोण? प्रवासी कधीच उतरून गेला आणि सीटवर रुमाल तसाच. पुढची प्रत्येक फेरी तो बघून परत जाते, तीही कसलीच तक्रार न करता. चार दिवसांनी एखादा सभासद शाखेत येऊन 'या वेळी आठवण आलीच नाही' म्हणतो, तेव्हा कुठे कळतं.

ही अडचणही जुनीच. युनिक्सच्या यंत्रांवर एकच मोडेम अनेक प्रोग्राम वापरत, तेव्हा त्याच्यासाठी `LCK..` ने सुरू होणाऱ्या नावाच्या लॉक फाइल ठेवत आणि आत लॉक घेणाऱ्या प्रक्रियेचा क्रमांक लिहीत. पुढच्याने तो वाचायचा, त्या क्रमांकाची प्रक्रिया जिवंत आहे का ते तपासायचं आणि नसेल तर फाइल बेवारस मानायची. युक्ती चांगली, पण अपुरी. हे क्रमांक फिरून पुन्हा वापरले जातात. मेलेल्या प्रक्रियेचा क्रमांक भलत्याच प्रोग्रामला मिळाला, की बेवारस लॉक पुन्हा जिवंत वाटतो.

१९८३ च्या ४.२ बीएसडी युनिक्समध्ये `flock` ही सोय आली आणि लॉकचा हिशेब फाइलच्या असण्या-नसण्यावर राहिला नाही. तो कर्नेल स्वतःकडे ठेवतो. फाइल हे फक्त निमित्त. ज्या प्रक्रियेने ती उघडून लॉक घेतला, ती मेली की कर्नेल फाइल बंद करतं आणि लॉक सुटतो. लिनक्सवर याच नावाची आज्ञाही मिळते, त्यामुळे पतसंस्थेला मूळ प्रोग्रामला हातही लावावा लागत नाही. क्रॉनमधली ओळ एवढीच:

```
*/5 * * * * flock -n /run/lock/sms.lock timeout 30m /opt/sms/send
```

`-n` म्हणजे लॉक मिळाला नाही तर थांबू नकोस, परत जा. ते नसेल तर फेऱ्या दाराशी रांग लावून बसतात. `timeout` कशाला, तर प्रोग्राम मेला नाही पण अडकून पडला, तर लॉकही त्याच्यासोबत अडकतो. अर्ध्या तासाने त्याला बंद करणारं कुणीतरी लागतं. कधी प्रोग्राम संपलेला दिसतो आणि लॉक मात्र सुटत नाही. बहुतेकदा त्याने मागे सोडलेलं एखादं उपकाम तीच फाइल उघडी धरून बसलेलं असतं. `lslocks` ही आज्ञा चालवली की कुठल्या फाइलवर कुठल्या प्रक्रियेचा लॉक आहे ते समोर दिसतं.

काम संपल्यावर ही फाइल तिथेच राहते, आणि ती राहू द्यावी. इथेच पुष्कळ जण घसरतात. उबुंटू वापरणाऱ्यांनी `Could not get lock /var/lib/dpkg/lock-frontend` हा संदेश कधी ना कधी पाहिलेला असतो. बहुधा मागे आपोआप अपडेट चालू असतं. त्यावर 'ती फाइल उडवून टाक' हा सल्ला सर्रास मिळतो, आणि तो वाईट आहे. उडवलं जातं फक्त नाव. आधीच्या प्रक्रियेकडे जुनी फाइल उघडीच असते आणि तिच्यावरचा लॉकही शाबूत असतो. नंतर येणारा त्याच नावाची नवी फाइल बनवतो आणि त्या नव्या फाइलवर त्याला बिनधोक लॉक मिळतो. आता दोघं एकाच वेळी पॅकेजांच्या नोंदींवर लिहू लागतात. आधीचं काम संपू देणं, किंवा ते खरंच अडकलं असेल तर ती प्रक्रिया थांबवणं, हा बरा मार्ग.

पतसंस्थेच्या बाबतीत तरीही एक फट उरते. संदेश गेला आणि पुढे खूण करण्याआधीच वीज गेली, तर पुढच्या फेरीला तो न पाठवलेलाच दिसणार आणि एका माणसाला दुसरा एसएमएस जाणार. लॉक इथे काही करू शकत नाही, कारण दोन फेऱ्या एकत्र चाललेल्याच नाहीत. त्यासाठी प्रत्येक संदेशाला कायमचा क्रमांक देऊन, तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नाकारण्याचं काम पाठवणाऱ्या सेवेवर सोपवावं लागतं. आणि उद्या संस्थेने दुसरा सर्व्हर घेऊन त्यावरही तीच क्रॉनची ओळ टाकली, तर दोन यंत्रांच्या दोन `/run/lock` असतील. त्यांना एकमेकांचा पत्ताच नसेल. तेव्हा लॉक न्यावा लागेल तो दोन्ही यंत्रं ज्याच्याशी बोलतात त्या डेटाबेसमध्ये.