चित्राखालच्या चार ओळी

25 एप्रिल 1953 च्या 'नेचर'च्या अंकात जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा निबंध छापून आला. पानभराहून थोडासाच मोठा. त्यात आकृती एकच, क्रिक यांच्या पत्नी ओडिल यांनी काढलेली: एकमेकींभोवती वळत जाणाऱ्या दोन फिती आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या काड्या. हे चित्र आपण शाळेपासून पाहत आलो आहोत. त्याखालचा मजकूर मात्र फारसा कोणी वाचत नाही. त्यात अवघी तीन वाक्यं आहेत. पहिल्यात बजावलंय, की ही आकृती निव्वळ रेखाटनवजा आहे. दुसऱ्यात सांगितलंय, की फिती म्हणजे साखर आणि फॉस्फेटच्या साखळ्या आणि काड्या म्हणजे त्यांना धरून ठेवणाऱ्या बेसच्या जोड्या. मधली उभी रेघ हा तंतूचा अक्ष, हे तिसऱ्यात.

पहिलं वाक्य मला फार मोलाचं वाटतं, कारण वाचकाची चूक होण्याआधीच ते ती अडवतं. हा सूक्ष्मदर्शकातून टिपलेला फोटो नाही, मोजमापाने काढलेलं चित्रही नाही, हे आधी सांगून मगच प्रत्येक खुणेचा अर्थ दिला आहे. तरी एक उणीव राहिलीच. चित्र कोणत्या रेणूचं आहे, ते या तीन वाक्यांत कुठेही नाही. निबंध पानभराचा आणि शीर्षक शेजारीच असल्याने तेव्हा ते खपून गेलं. आज मात्र आकृत्या निबंधापासून सुटून फिरतात. कोणी त्या व्याख्यानाच्या स्लाइडवर लावतो, कोणी मोबाइलवर फोटो काढून सहकाऱ्याला धाडतो. निबंध तपासणारे परीक्षकही बऱ्याचदा सारांश वाचून थेट आकृत्यांकडे वळतात. म्हणून आकृतीखालचा मजकूर, ज्याला प्रयोगशाळेत सगळे लेजंडच म्हणतात, निबंध हाती नसलेल्या माणसालाही पुरला पाहिजे.

असा मजकूर कसा घडतो, ते एका कल्पित प्रयोगावरून पाहू. समजा, एका विद्यार्थिनीने मिठाच्या पाण्यात ज्वारीचं बी किती उगवतं ते तपासलं. मिठाची चार द्रावणं, प्रत्येक द्रावणासाठी चार पेट्री डिश, प्रत्येक डिशमध्ये 25 बिया. तिने आलेख काढला आणि खाली लिहिलं: 'आकृती 2. मिठाचा परिणाम. * p < 0.05.' तिला हे पुरेसं वाटणारच, कारण बाकीचं सगळं तिच्या डोक्यात आहे. तीन महिने ती त्याच डिशमध्ये डोकं घालून बसली आहे. वाचकाच्या मनात मात्र प्रश्नांची रांग लागते. मिठाचा परिणाम कशावर? कोणत्या वाणावर? बी 'उगवलं' असं कधी म्हणायचं? टरफल तडकलं तेव्हा, की मूळ बाहेर दिसलं तेव्हा? किती तासांनी मोजलं? आणि चांदणी लावलेला स्तंभ वेगळा आहे तो नक्की कोणापेक्षा?

यातले बरेचसे प्रश्न एकेका शब्दाने मिटतात. वाणाचं नाव, तास, तापमान लिहिलं की झालं. दोन जागा मात्र अशा आहेत, की तिथे लेजंड गप्प राहिलं तर वाचक निव्वळ अडत नाही, तो चुकीचा निष्कर्ष घेऊन जातो.

त्यातली पहिली जागा म्हणजे स्तंभाच्या डोक्यावरची उभी रेघ, एरर बार. समजा, एका द्रावणाच्या चार डिशमध्ये अनुक्रमे 60, 68, 72 आणि 80 टक्के बिया उगवल्या. सरासरी 70. आता रेघ किती लांब काढायची? डिशडिशमधला फरक दाखवायचा असेल तर प्रमाण विचलन घ्यायचं. ते येतं सुमारे 8.3. सरासरी कितपत नेमकी आहे हे दाखवायचं असेल तर प्रमाण त्रुटी घ्यायची. विचलनाला निरीक्षणांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचं, म्हणजे इथे दोनने, की ती मिळते: सुमारे 4.2. आणि 95 टक्के विश्वासांतर काढलं तर सरासरीच्या दोन्ही बाजूंना सुमारे 13.2 जागा लागते. आकडे तेच चार, आणि रेघ मात्र 4.2, 8.3 किंवा 13.2. यातली कोणतीच रेघ खोटी नाही. पण खाली नाव नसेल तर सगळ्यात आखूड रेघ पाहून वाचक म्हणतो, 'वा, काय काटेकोर काम आहे!' अशा संख्या '70 ± 4.2' या रूपात तक्त्यात आल्या, की गोंधळ आणखी वाढतो, कारण ± ही खूण त्या तिन्हींसाठी वापरली जाते. म्हणूनच वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सूचनांमध्ये स्पष्ट म्हटलं आहे, की तक्त्यात दिलेलं माप प्रमाण विचलनाचं आहे की सरासरीच्या प्रमाण त्रुटीचं, ते सांगा.

दुसरी जागा n या अक्षराची. आपल्या प्रयोगात n किती? चार डिश, की शंभर बिया? विद्यार्थिनीला शंभर लिहायचा मोह होतो आणि तो समजण्यासारखा आहे, कारण तिने खरोखरच शंभर बिया मोजल्या आहेत. पण एका डिशमधल्या 25 बियांना फिल्टर पेपर एकच, पाणी एकच, झाकणही एकच. झाकण नीट बसलं नाही आणि डिश सुकली, तर पंचवीसही बियांना एकदमच फटका बसतो. त्या पंचवीस स्वतंत्र साक्षी नाहीत. मिठाचं द्रावण डिशला दिलं होतं, म्हणून n चार. अमेरिकन परिसंस्थाशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 साली या चुकीवर सविस्तर निबंध लिहिला. एकाच घटकातली अनेक मोजमापं स्वतंत्र पुनरावृत्ती म्हणून खपवली जातात, हे त्यांनी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांमधून दाखवून दिलं. लेजंडमध्ये नुसतं 'n = 4' लिहूनही भागत नाही. चार काय, ते हवं. 'n = 4 डिश, प्रत्येकी 25 बिया' असं लिहिलं की वाचक स्वतःच पडताळून पाहू शकतो.

आता तोच मजकूर नव्याने लिहू:

'आकृती 2. मिठाच्या द्रावणात मालदांडी ज्वारीच्या बियांची उगवण. बिया 0, 50, 100 किंवा 150 मिलिमोलर मिठाच्या द्रावणात भिजवलेल्या फिल्टर पेपरवर, 25 अंश सेल्सिअसला, अंधारात ठेवल्या. 72 तासांनी ज्या बीचं मूळ 2 मिलिमीटर किंवा अधिक बाहेर आलं होतं, ती उगवलेली धरली. प्रत्येक ठिपका एका डिशमधील (25 बिया) उगवणीची टक्केवारी दाखवतो. आडवी रेघ: सरासरी; उभी रेघ: प्रमाण विचलन; n = प्रत्येक द्रावणासाठी 4 डिश. * 0 मिलिमोलरच्या तुलनेत p < 0.05, डनेट चाचणी.'

वाचायला पाऊण मिनिटही लागत नाही. स्तंभ जाऊन त्यांच्या जागी ठिपके आले, हेही पाहा. निरीक्षणं चारच असतील तर ती चारही दाखवावीत, हे माझं ठाम मत आहे. स्तंभामागे चार आकडे दडले आहेत की चाळीस, ते कळत नाही. डनेट चाचणीचं नाव आल्यामुळे चांदणीचा अर्थही पक्का झाला, कारण ही चाचणी प्रत्येक गटाची तुलना एकाच नियंत्रण गटाशी करते.

काय वगळलं, तेही लक्षात घ्यावं. बिया निर्जंतुक कशा केल्या, कुठून आणल्या, पेपर कोणत्या कंपनीचा, हे सगळं पद्धतीच्या विभागात राहू द्यावं. माझी कसोटी अशी: जो तपशील बदलला तर आलेखाचा अर्थ बदलतो, तो लेजंडमध्ये हवा. 72 तासांऐवजी 36 तासांनी मोजलं असतं तर चित्र वेगळं दिसलं असतं, म्हणून तास हवेत. पेपरच्या कंपनीने सहसा असा फरक पडत नाही. पहिल्या वाक्यात निष्कर्षच सांगावा का, यावर नियतकालिकांची मतं वेगळी आहेत. जीवशास्त्रात 'मिठामुळे ज्वारीची उगवण घटते' अशी शीर्षकं सर्रास दिसतात. एकाच प्रयोगावर उभ्या असलेल्या आकृतीला मी असं शीर्षक देणार नाही.

सूक्ष्मदर्शकाच्या फोटोखाली '400 पट मोठे करून' असं लिहायची जुनी सवय अजून टिकून आहे. पण फोटो छापताना लहान केला किंवा पडद्यावर बोटांनी ताणला, की तो आकडा खोटा ठरतो. फोटोतच एक छोटी रेघ काढून खाली 'रेघ = 20 मायक्रोमीटर' असं लिहिलं, तर फोटोबरोबर रेघही लहानमोठी होते आणि माप खरं राहतं.

तक्त्याची रीत थोडी वेगळी. त्याचा मथळा बहुतेक नियतकालिकांत वर असतो आणि खुलासे खाली तळटिपांत. मथळा आटोपशीर हवा, पण 'तक्ता 1. निरीक्षणे' इतका मोघम नको. आपल्या प्रयोगाचा मथळा 'मिठाच्या चार द्रावणांत वाढलेल्या मालदांडी ज्वारीच्या रोपांच्या मुळांची लांबी, सातवा दिवस' असा झाला, की काय, कोणाचं आणि केव्हा, ते कळलं. एकक स्तंभाच्या डोक्यावर लिहावं, प्रत्येक आकड्यापुढे नको.

इथे एक खाच आहे आणि ती तळटिपेशिवाय दिसत नाही. मुळाची लांबी फक्त उगवलेल्या रोपांचीच मोजता येते. बिनमिठाच्या पाण्यात शंभरातली नव्वद रोपं मोजली असतील आणि 150 मिलिमोलरमध्ये फक्त तीस, तर शेवटच्या ओळीतली सरासरी मीठ सोसून उगवलेल्या काटक तीस रोपांची आहे. पहिल्या ओळीशी तिची तुलना जपूनच करायला हवी. म्हणून किती रोपं मोजली, त्याचा एक स्तंभ हवा, आणि न उगवलेल्या बिया सरासरीत धरलेल्या नाहीत, अशी तळटीपही. एखाद्या रकान्यात नुसती आडवी रेघ असेल तर तिचाही अर्थ लिहावा. 'मोजलं नाही', 'एकही रोप उगवलं नाही' आणि 'लांबी शून्य' या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

मजकूर पुरेसा झाला की नाही, हे लिहिणाऱ्याला स्वतःला कळत नाही. आकृती आणि लेजंड एवढंच एका कागदावर छापावं, दुसऱ्या विषयातल्या सहकाऱ्याला द्यावं आणि विचारावं, 'काय केलंय, सांग बरं!' आपण तोंड उघडायचं नाही. तो अडखळला तर जे वाक्य आपल्या ओठांवर येतं, तेच लेजंडमध्ये राहून गेलेलं असतं.

परीक्षकांचे शेरे आल्यावर हे सगळं पुन्हा तपासावं लागतं. त्यांच्या सांगण्यावरून प्रयोग आणखी दोन डिशवर केला जातो, आलेखात प्रत्येक द्रावणाचे सहा ठिपके दिसू लागतात आणि खाली 'n = 4' तसंच राहून जातं. निबंध परत पाठवण्याआधी ठिपके बोटाने मोजावेत आणि तो आकडा लेजंडशी, तक्त्याच्या तळटिपेशी आणि पद्धतीच्या विभागाशी ताडून पाहावा.