दिंडोरीतला द्राक्षाचा पैसा किती फिरतो?

दिंडोरी तालुक्यात ऑक्टोबरच्या सुमारास द्राक्षबागांची गोडी छाटणी सुरू झाली की पेठ आणि सुरगाण्याकडून मजुरांच्या टोळ्या येतात. छाटणी, मग डिपिंग, विरळणी, शेवटी खुडा आणि पॅकिंग असे काम उन्हाळ्यापर्यंत चालते. या मजुरीचा पैसा बाजारात उतरला की दुकानदार सांगतात, "आता गावात पैसा आला." हा पैसा गावात नेमके किती नवे उत्पन्न तयार करतो, ते मोजता येते.

एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते. दुसरा त्यातला काही भाग खर्चतो, ते तिसऱ्याचे उत्पन्न होते. रिचर्ड कान यांनी 1931 मध्ये ही साखळी गणितात मांडली आणि केन्स यांनी 1936 च्या ग्रंथात तिला मध्यवर्ती जागा दिली. अर्थशास्त्रात तिला गुणक म्हणतात. दर फेरीला काही रक्कम गळते: बचतीत जाते, जुनी उधारी फेडण्यात जाते किंवा गावाबाहेर जाते. तालुक्याच्या गावात सर्वांत मोठी गळती बाहेरगावच्या मालाची असते.

एक उदाहरण घेऊ. आकडे मानलेले आहेत, पण व्यवहार ओळखीचा आहे. एका टोळीला 10,000 रुपये मजुरी मिळाली. त्यातले 4,000 मजूर घरी पाठवतात. उरलेले 6,000 दिंडोरीत खर्च होतात: 4,000 किराणा आणि तेलावर, 1,000 भाजीपाल्यावर, 1,000 चहा, वडापाव, केशकर्तन, रिक्षा अशा सेवांवर.

इथे बहुतेक जण 6,000 हेच गावाचे उत्पन्न समजतात, आणि हिशेब तिथेच चुकतो. किराणा दुकानाच्या गल्ल्यात 4,000 आले, तरी साखर, तेल, साबण यांची किंमत ठोक व्यापाऱ्याकडे जाते. दुकानदाराकडे 10 टक्के उरले असे धरले तर ते 400 होतात. भाजी जवळच्या शेतातली असेल तर शेतकरी आणि विक्रेता मिळून 700 गावात ठेवतील. चहावाला, न्हावी, रिक्षावाला यांच्याकडे श्रमाचा मोबदला म्हणून 600 राहतील. एकूण 1,700. म्हणजे मजुरीच्या 17 टक्के रक्कम दुसऱ्या फेरीत दिंडोरीकरांचे उत्पन्न झाली. पुढच्या फेऱ्यांतही हेच प्रमाण राहिले तर तिसऱ्या फेरीत 289, चौथ्या फेरीत सुमारे 49 रुपये. बेरीज करता मूळ 10,000 धरून साधारण 12,050 होतात. गुणक 1.2 आला.

आता टोळी गावातलीच आहे असे समजा. घर दिंडोरीत, मुलांची शिकवणी, शिंप्याचे काम, गवंड्याचे काम, दूध सगळे इथलेच. प्रत्येक फेरीत 35 टक्के गावात टिकले, तर बेरीज सुमारे 15,400 वर जाते. मजुरी तीच. फरक पडला तो पैसा कोणत्या दुकानात, कोणत्या श्रमावर गेला याने. पहिल्या उदाहरणातले 4,000 मात्र वाया गेलेले नाहीत. त्यांची साखळी सुरगाण्याच्या आठवडे बाजारात सुरू होते. गुणक सांगताना हद्द कोणती धरली, हे म्हणून सांगावेच लागते.

मोहाडीला सह्याद्री फार्म्सचे काम याच अर्थाने पाहण्यासारखे आहे. द्राक्ष इथेच पॅक होते, टोमॅटोवर इथेच प्रक्रिया होते. माल कच्चा बाहेर गेला असता तर ही मजुरी दुसऱ्या गावात वाटली गेली असती. ग्राहक परदेशातला असल्यामुळे आलेला पैसाही तालुक्यासाठी नवा असतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या पैशाने तेवढी भर पडत नाही, कारण तो बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी खर्चातून वळवलेला असतो.

गुणकाला आणखी एक मर्यादा आहे. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 1952 मध्ये भारतासारख्या देशाविषयी ती दाखवली: मागणी वाढली, पण पुरवठा वाढू शकला नाही, तर उत्पादनाऐवजी भाव वाढतात. दिंडोरीत हे ओळखायची खूण सोपी आहे. हंगामात शिंप्याने जास्त कपडे शिवले आणि हाताखाली मुलगा ठेवला, तर उत्पन्न खरोखर वाढले. गिऱ्हाईक वाढले आणि खोल्यांची भाडी तेवढी चढली, तर मजुराच्या खिशातले घरमालकाच्या खिशात गेले, एवढेच.

साखळी उलटीही चालते, आणि हे मला जास्त काळजीचे वाटते. काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस आला, मण्यांना तडे गेले, तर खुड्याची मजुरीच दिली जात नाही. व्यापारी माल उचलून पैसे थकवतो, तेव्हा बागायतदाराने मजुरी आधीच दिलेली असते, बऱ्याचदा कर्ज काढून. मग औषध-खताच्या दुकानाची उधारी अडते आणि दुकानदार आपल्या हाताखालचा माणूस कमी करतो. त्या माणसाच्या किराण्यापर्यंत ही कपात पोचायला एखादा महिना लागतो, म्हणून बाजारात मंदी दिसते तेव्हा तिचे कारण बागेत केव्हाच घडून गेलेले असते.