मधल्या टेकूवरचा आठ

दोन गाळ्यांची एकसलग तुळई, प्रत्येक गाळा 4 मीटर. तुळईच्या प्रत्येक टोकाला दोन हालचाली: खाली जाणे आणि वळणे. तीन टेकू खाली जाणे रोखतात, म्हणून शोधायची उरतात फक्त तीन वळणे. गाळ्याचे एक टोक वळवायला 4EI/L, तर दुसरे जागीच धरायला 2EI/L आघूर्ण लागते. मधला सांधा दोघांचा, म्हणून तिथे 4 अधिक 4:

```
EI/L × [4 2 0
        2 8 2
        0 2 4]
```

दोन्ही गाळ्यांवर मीटरला 10 किलोन्यूटन भार असला, तर मधे वळण शून्य आणि आघूर्ण 20 किलोन्यूटन-मीटर. तिथे सळया वरच्या बाजूला हव्यात. चुकून 8 ऐवजी 4 लिहिले, तरी हेच उत्तर येते! म्हणून एकाच गाळ्यावर भार ठेवून तपासावे: मधल्या टेकूवर दोन्ही बाजूंची आघूर्णे जुळून 10 यायला हवीत.