नवऱ्याची हळद, नवरीची उष्टी

मराठी लग्नात हळद आधी नवऱ्याला लागते. त्याला लावून वाटीत उरलेली उष्टी हळद मग नवरीकडे जाते. करवली किंवा घरातल्या दोन-तीन बायका ती वाटी, सोबत हिरवा चुडा नि साडी घेऊन मुलीच्या घरी जातात आणि तीच हळद नवरीच्या अंगाला लागते. एकाच वाटीतली हळद दोघांच्या अंगावर गेली की लग्नाला सुरुवात झाली, असे जुन्या बायका मानतात. आता दोन्हीकडची मंडळी एकाच हॉलवर उतरलेली असतात, त्यामुळे ही वाटी कधी कधी फक्त एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. पण जाते.

त्याआधी हळद दळायची असते. जात्याला आणि मुसळांना आंब्याची पाने, हळकुंड बांधायचे, सुवासिनींनी ओव्या म्हणत घाणा भरायचा. दळलेली हळद तेलात किंवा दुधात कालवायची. पाटावर बसलेल्या नवऱ्याला बहुतेक घरांत आंब्याच्या पानाने हळद लावतात: आधी पाय, मग गुडघे, खांदे, शेवटी कपाळ. एकेक सुवासीण पाच वेळा पान टेकवते आणि बाजूला होते. मग दोघांचे नाहाण. आगरी-कोळ्यांकडे मात्र हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी, कधी त्याहून मोठी.

हळद लावायला सुवासिनीच हव्यात, हा यातला खुपणारा भाग. ज्या आईने मुलीला एकटीने वाढवले, तीच विधवा म्हणून कोपऱ्यात उभी राहते, हे आजही घडते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. विधवा आईने पहिली हळद लावली म्हणून लग्न अडलेले नाही.

जुन्या रीतीत हळद थोडी, ती पानाच्या टोकाने लागायची आणि लगेच नाहाण व्हायचे. हल्ली ओंजळी भरभरून हळद चेहऱ्याला फासतात, केसांत घालतात, मग दोन तास फोटो चालतात. त्वचेच्या तक्रारी बहुधा इथे सुरू होतात.

समजा, नवरीने हळदीच्या आदल्या दिवशी फेशियल, थ्रेडिंग आणि वॅक्सिंग केले आहे. वरचा थर सोलला गेलेला, बारीक जखमा झालेल्या. त्यावर लिंबू पिळलेली हळद लागली, वर मांडवातले ऊन. संध्याकाळी गाल लाल, आग-आग. तिला वाटते हळद बाधली. खरे तर दोष लिंबाचा आणि सोललेल्या त्वचेचा असू शकतो. लिंबाचा रस लावून उन्हात बसले तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. म्हणून पार्लरची कामे हळदीच्या चार-पाच दिवस आधी उरका आणि लिंबू वाटीत नकोच.

हळदीचीही ॲलर्जी काहींना असते. ती लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी खाज आणि पुरळ येते. त्यामुळे ‘सकाळी लावून पाहिले, काही झाले नाही’ हे पुरेसे नाही. जी हळद वापरणार तीच, ज्यात कालवणार त्यातच कालवून, आठवडाभर आधी कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी लावा, दहा-पंधरा मिनिटांनी धुवा आणि तीन-चार दिवस लक्ष ठेवा. मुरमे किंवा एक्झिमा असेल तर हळद फक्त हातापायांना लावावी. विधी तेवढ्याने पूर्ण होतो.

भेसळ ही दुसरी भानगड. सुट्या हळदीत मेटॅनिल यलोसारखा रंग किंवा शिसे असलेला लेड क्रोमेट मिसळलेला सापडतो. ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाका, ढवळू नका. चांगली हळद तळाशी बसते, पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळे झाले तर संशय घ्यावा. हळकुंडे आणून घरी दळणे उत्तम, पण पाण्यात टाकताच भसाभस रंग सोडणारी झगझगीत हळकुंडे नकोत.

धुताना घासाघीस करू नका. हळदीचा रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. खोबरेल तेल चोळून मऊ कापडाने पुसा, मग सौम्य साबण लावा. कपड्यावरचा डाग साबण लागताच लालसर होतो, तेव्हा घाबरू नका. तो धुऊन कपडा उन्हात वाळवा. उन्हाने हळदीचा रंग उडतो.