एका कैरीच्या चार वाट्या

एक कैरी चिरा आणि फोडी चार ठिकाणी ठेवा. पहिल्या झाकणाच्या बरणीत नुसत्याच, ओट्यावर. दुसऱ्या तशाच बरणीत, पण फ्रिजमध्ये. तिसऱ्या कडक उन्हात, कडकडीत वाळून आंबोशी होईपर्यंत. चौथ्या १०० ग्रॅम फोडींना २० ग्रॅम मीठ चोळून.

ओट्यावरच्या फोडींवर काही दिवसांत बुरशीची लव दिसते. फ्रिजमधल्या बऱ्याच जास्त टिकतात, पण बुरशी त्यांनाही चुकत नाही. थंडीत तिची वाढ मंदावते, थांबत नाही.

खरी गंमत मिठाची. दुसऱ्या दिवशी तळाशी पाणी साचलेलं असतं, कारण मीठ ते फोडीतून ओढून काढतं. उरलेलं पाणी इतकं खारट, शिवाय आंबट, की बहुतेक जंतूंना ते वापरताच येत नाही. खारावर तरंगणाऱ्या फोडीला मात्र हवा मिळते आणि बुरशी आधी तिथेच धरते. लोणच्यावर तेलाचा थर हवा, तो यासाठी.

आता आंबोशीचा एक तुकडा पाण्यात भिजवून झाकून ठेवा. त्यावरही बुरशी येईल. उन्हाने सगळे जंतू मेले नव्हते, त्यांचं पाणी तेवढं तोडलं होतं. बुरशीची बरणी न उघडता टाका, वासही घेऊ नका.