गटवाटणी कोणी केली?

भूमध्यसागरी आहाराने हृदयविकार टळतो का, हे तपासणारा स्पेनमधला ‘प्रेडिमेड’ अभ्यास २०१३ मध्ये छापून आला. ७,४४७ सहभागींचा आहार चिठ्ठी टाकल्यासारखा ठरायला हवा होता. पण एका केंद्रात अख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला गेला, तर काही घरांतली माणसे एकाच गटात गेली. २०१८ मध्ये लेखकांनी शोधनिबंध मागे घेतला आणि सुधारून पुन्हा छापला.

असा मजकूर छपाईपूर्वी हाती आला, तर परीक्षकाने ‘लेखकांनी लपवाछपवी केली’ असे लिहू नये. त्याने लिहावे: ‘प्रश्न महत्त्वाचा आहे. मात्र गटवाटणी कोणी, कशी केली, हे स्पष्ट होत नाही. एका घरातले सहभागी किती? त्यांना वगळून आकडेमोड पुन्हा द्यावी. तोपर्यंत आहारामुळेच फरक पडला, हा दावा मान्य करता येणार नाही.’

अशा टिप्पणीला लेखक आकड्यांनी उत्तर देऊ शकतात.